सोन्याची वही वेगळी, डॉलरची वही वेगळी

परदेशातून दागिने आणून येथे विकणाऱ्या पेढीला एकाच बिलात दोन भाव सांभाळावे लागतात. पहिला भाव सोन्याचा. तो जागतिक बाजारात डॉलरमध्ये आणि औंसाच्या मापाने ठरतो. दुसरा भाव डॉलरचा, म्हणजे एका डॉलरसाठी किती रुपये मोजावे लागतील याचा. देशातील ग्राहकाला सांगितला जाणारा दहा ग्रॅमचा रुपयातील भाव हा या दोहोंचा गुणाकार असतो आणि त्यावर आयातशुल्क चढलेले असते. व्यापाऱ्याच्या नजरेसमोर हा एकच आकडा सतत असल्याने दोन निरनिराळ्या जोखमी त्याला एकच वाटू लागतात. मग एक सौदा करून दोन्हींपासून संरक्षण मिळाले असे तो मानतो, किंवा दोन सौदे करून एकाच जोखमीचा बंदोबस्त दोनदा करतो. पहिल्या प्रकारात संरक्षण अपुरे पडते. दुसऱ्या प्रकारात संरक्षणाच्या नावाखाली नकळत सट्टा होतो.

एक व्यवहार, तीन आकडे

विषय आकड्यांशिवाय उलगडणार नाही, म्हणून मुंबईच्या झवेरी बाजारातील एक काल्पनिक पेढी घेऊ. आकडे गणित सोपे व्हावे एवढ्यासाठीच गोल धरले आहेत. सोन्याच्या दागिन्यांच्या आयातीवर परवान्याची जी बंधने असतात, त्यांची पूर्तता झालेली आहे असे समजू.

पेढीने दुबईहून २२ कॅरटचे सुमारे ३,३९५ ग्रॅम वजनाचे दागिने घेतले. त्यांतील शुद्ध सोने सुमारे ३,११० ग्रॅम, म्हणजे १०० औंस. सौद्याच्या दिवशी औंसाचा भाव २,५०० डॉलर निश्चित झाला. सोन्याची किंमत २,५०,००० डॉलर आणि घडणावळ १०,००० डॉलर, असे एकूण देणे २,६०,००० डॉलरचे झाले. पैसे साठ दिवसांनी द्यायचे आहेत. (अशा आयातीसाठी रिझर्व्ह बँक नव्वद दिवसांपलीकडे उधारी चालू देत नाही.) त्या दिवशी डॉलर ८४ रुपयांना होता. म्हणजे सोने २ कोटी १० लाखांचे आणि एकूण देणे २ कोटी १८ लाख ४० हजारांचे. खर्च वजा जाता या मालातून आठ-नऊ लाख रुपये सुटावेत, अशी पेढीची अपेक्षा आहे.

साठ दिवसांनी सोने २,४०० डॉलरवर उतरले, डॉलर ८६ रुपयांवर चढला आणि माल अजून कपाटातच आहे, असे धरू. कपाटातील सोन्याची किंमत आता २ कोटी ६ लाख ४० हजार झाली, म्हणजे ३ लाख ६० हजारांची घट. देणे मात्र २ कोटी २३ लाख ६० हजारांवर गेले, म्हणजे ५ लाख २० हजारांची वाढ. दोन्ही मिळून ८ लाख ८० हजारांचा फटका बसला. अपेक्षित नफा पूर्ण बुडाला.

हे ८ लाख ८० हजार नेमके कशामुळे गेले? बहुतेक जण उत्तर देतील की साडेतीन लाख सोन्याने नेले आणि पाच लाख डॉलरने. हे उत्तर दिसायला बरोबर असले तरी खरे नाही.

कपाटातील माल हाही डॉलरच

या विषयाची किल्ली येथे आहे. सोन्याचा मूळ भाव डॉलरमध्ये असल्याने कपाटातील न विकलेले सोने ही एका अर्थी पेढीची डॉलरमधील मालमत्ता असते. डॉलर महागला की देणे वाढते, पण त्याच वेळी त्या सोन्याचा रुपयातील भावही वाढतो. वरच्या उदाहरणात डॉलर दोन रुपयांनी चढला. देणे ५ लाख २० हजारांनी वाढले. पण २,४०,००० डॉलर मोलाचे सोने याच कारणाने ४ लाख ८० हजारांनी वधारले. डॉलरमुळे झालेले निव्वळ नुकसान केवळ ४० हजारांचे. उरलेले ८ लाख ४० हजार सोन्याच्या घसरणीने नेले. औंसामागे १०० डॉलर, १०० औंसांचे १०,००० डॉलर आणि ते ८४ रुपयांनी गुणले की हाच आकडा येतो.

माल कपाटात आणि देणे बाकी, अशा काळात पेढीच्या एका हाती डॉलरची मालमत्ता असते आणि दुसऱ्या हाती डॉलरचे देणे. ती एकमेकांना जवळजवळ तोलून धरतात. हा तोल दोन प्रसंगी बिघडतो. माल रुपयांत विकला गेला आणि देणे राहिले, तर देणे उघडे पडते. देणे फेडले आणि माल राहिला, तर माल उघडा पडतो. म्हणून ‘डॉलरचा फॉरवर्ड घ्यावा का?’ या प्रश्नाला एकच कायमचे उत्तर नाही. सोन्याचे संरक्षण कोणत्या बाजारात केले, यावर ते अवलंबून असते.

पहिली वाट : रुपयातील वायदा

देशातील सराफांच्या परिचयाची वाट म्हणजे एमसीएक्सवर सोन्याचा वायदा विकणे. तेथे मोठा सौदा एक किलोचा आणि ‘गोल्ड मिनी’ १०० ग्रॅमचा. आपली पेढी तीन मोठे आणि एक मिनी सौदा विकेल, म्हणजे ३,१०० ग्रॅम. दहा ग्रॅम उघडे राहतात, ते सोडून देता येतात. सौद्यांची संख्या शुद्ध सोन्याच्या वजनावर ठरवायची असते. दागिन्यांचे ढोबळ वजन धरून ३,४०० ग्रॅम विकले, तर जवळपास ३०० ग्रॅमची विक्री मागे माल नसतानाच केलेली ठरते.

एमसीएक्सचा भाव रुपयात असल्यामुळे त्याच्या पोटात सोने आणि डॉलर दोन्ही असतात. वायदा विकणारा सोने विकतो आणि त्यासोबत सोन्यातील डॉलरही विकतो. उदाहरणात त्याला वायद्यात सुमारे ३ लाख ६० हजार मिळतील आणि मालातील घट भरून निघेल. मात्र देण्याला तोलणारा मालातील डॉलर आता वायद्याने विकून टाकला आहे. त्यामुळे देणे उघडे पडले आणि ५ लाख २० हजारांचा भुर्दंड तसाच राहिला. एमसीएक्सवर वायदा विकून स्वस्थ बसणाऱ्या व्यापाऱ्याची चूक ती हीच. त्याने मालाचे रक्षण केले, देण्याचे नाही.

म्हणून या वाटेने जाणाऱ्याने त्याच दिवशी बँकेकडून २,६०,००० डॉलरचा साठ दिवसांचा फॉरवर्ड घेतला पाहिजे. घडणावळीची रक्कमही त्यात धरावी, कारण तिच्यात सोन्याची जोखीम नसली तरी डॉलरची आहे. साठ दिवसांसाठी डॉलरमागे २५ पैसे अधिमूल्य पडले, तर खर्च ६५ हजार. त्या बदल्यात ५ लाख २० हजारांची अनिश्चितता संपली. शिवाय सोन्याच्या पुढच्या महिन्याचा वायदा सहसा हजर भावापेक्षा थोडा चढा असतो. तो फरक वायदा विकणाऱ्याच्या पदरात पडत असल्याने अधिमूल्याचा भार काही अंशी हलका होतो.

या वाटेचा मोठा गुण असा की दोन्ही सौद्यांचे आयुष्य स्वतंत्र राहते. वायदा मालाशी बांधलेला असतो. जितके सोने ज्या दिवशी विकले गेले, तितका वायदा त्याच दिवशी परत विकत घेऊन मिटवायचा. फॉरवर्ड देण्याशी बांधलेला असतो. माल दहा दिवसांत जावो की शंभर दिवसांत, फॉरवर्डला हात लावायचा नाही; देणे फेडण्याच्या दिवशी तो वापरायचा. देणे फिटल्यावरही माल उरला असेल, तर त्याच्यामागे वायदा उभाच असतो. पेढीत सोन्याची वही ग्रॅममध्ये आणि डॉलरची वही डॉलरमध्ये ठेवली, तर एकीतील नोंद दुसरीत कधी मिसळत नाही.

दुसरी वाट : डॉलरमधील सौदा

डिसेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने देशातील व्यापाऱ्यांना गांधीनगरजवळील गिफ्ट सिटीतील मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर सोन्याच्या भावाची जोखीम झाकण्याची मुभा दिली आहे. तेथे भाव डॉलरमध्ये असतो. पेढीने तेथे १०० औंस विकले, तर ती निव्वळ सोने विकते, डॉलर नाही. घसरणीमुळे तिला १०,००० डॉलर मिळतील, म्हणजे ८६ च्या दराने ८ लाख ६० हजार रुपये. एकूण फटका ८ लाख ८० हजारांचा होता, म्हणून उरले २० हजार. घडणावळीचे १०,००० डॉलर आणि डॉलरची दोन रुपयांची वाढ यांचा गुणाकार तो हाच. सोन्यातील डॉलर आणि देण्यातील डॉलर यांनी एकमेकांना तोलून धरले. म्हणून या वाटेवर, माल कपाटात असेपर्यंत, फॉरवर्ड हवा तो केवळ घडणावळीच्या १०,००० डॉलरचा.

आता एखाद्या सावध व्यापाऱ्याने गिफ्ट सिटीत सोने विकले आणि ‘देणे तर डॉलरमध्येच आहे’ असे म्हणून पूर्ण २,६०,००० डॉलरचा फॉरवर्डही घेतला, तर काय होईल? सोने २,४०० डॉलरवर उतरले आणि डॉलर मात्र ८२ रुपयांवर घसरला असे समजा. कपाटातील सोने १ कोटी ९६ लाख ८० हजारांचे राहिले, म्हणजे १३ लाख २० हजारांची घट. सोन्याच्या सौद्यातून ८ लाख २० हजार आले. देणे ८४ रुपये २५ पैशांना बांधून टाकल्याने स्वस्त झालेल्या डॉलरचा लाभ नाही, उलट ६५ हजार जास्त गेले. एकूण तोटा ५ लाख ६५ हजार. फॉरवर्ड मुळीच घेतला नसता, तर देण्यात ५ लाख २० हजार वाचले असते आणि पेढी २० हजारांनी वर राहिली असती. दोन्ही सौदे नियमानुसार होते, कागदपत्रे निर्दोष होती. तरीही त्या व्यापाऱ्याने डॉलर चढेल अशी पैज लावली होती, हे त्यालाच ठाऊक नव्हते.

या वाटेवर डॉलरची वही मालाच्या विक्रीबरोबर हलते. निम्मा माल रुपयांत विकला की सोन्याचा निम्मा सौदा मिटवायचा आणि त्याच दिवशी तेवढ्या मालाच्या देण्याचा फॉरवर्ड घ्यायचा, कारण त्या देण्याला तोलणारे सोने आता उरले नाही. उलट देणे आधी फिटले आणि माल राहिला, तर त्या मालातील डॉलर उघडा पडतो. रोज किरकोळ विक्री करणाऱ्या पेढीला हा हिशेब जिकिरीचा होतो. ज्याचा माल पुन्हा निर्यात होऊन डॉलरमध्येच विकला जातो, त्याला मात्र ही वाट सोयीची, कारण त्याची येणी आणि देणी एकाच चलनात असतात.

भाव न ठरवता घेतलेला माल

तिसराही एक प्रकार बाजारात आहे. माल ताब्यात येतो, पण सोन्याचा भाव नंतर ठरवायचा असतो; व्यापारात त्याला ‘अनफिक्स’ म्हणतात. अशा मालावर भाव ठरेपर्यंत सोन्याची जोखीम नसते. सोने उतरले तर कपाटातील किंमत उतरते आणि देणेही तितकेच उतरते. डॉलरचेही तसेच. या काळात एमसीएक्सवर वायदा विकला, तर संरक्षण नव्हे, नवी जोखीम निर्माण होते. वायदा भाव ठरण्याच्या दिवशी विकावा, माल दारात आला त्या दिवशी नव्हे. मात्र भाव ठरण्यापूर्वी माल ग्राहकाला रुपयांत विकला गेला, तर चित्र उलटे होते. आता सोने वाढण्याची भीती असते. त्या दिवशी विकलेल्या वजनाचा भाव पुरवठादाराकडे ताबडतोब ठरवून घ्यावा आणि तेवढ्या डॉलरचा फॉरवर्डही घ्यावा.

गणित बरोबर असूनही जेथे अडते

पहिली अडचण रोख रकमेची. वायद्यातील नफातोटा रोजच्या रोज खात्यातून वळता होतो. सोने दहा ग्रॅममागे १,००० रुपयांनी वाढले, तर ३,१०० ग्रॅमवर त्याच संध्याकाळी ३ लाख १० हजार रुपये भरावे लागतात. कपाटातील माल तितकाच वधारलेला असतो, पण तो विकेपर्यंत पैसा हाती येत नाही. ही रक्कम वेळेवर भरता आली नाही, तर दलाल सौदा कापतो आणि संरक्षण ऐन गरजेच्या वेळी निघून जाते. म्हणून मार्जिनव्यतिरिक्त अशा चढासाठी रोख रक्कम किंवा बँकेची मर्यादा आधीच राखून ठेवावी.

दुसरी अडचण मुदतीची. एमसीएक्सचा एक किलोचा सौदा फेब्रुवारी, एप्रिल, जून असा एक महिना सोडून येतो आणि त्या महिन्याच्या पाच तारखेला संपतो. शेवटपर्यंत सौदा उभा ठेवणाऱ्याला सोन्याची लगड द्यावी लागते, दागिने चालत नाहीत. म्हणून माल उरला असेल, तर मुदत जवळ येण्यापूर्वी जुना सौदा मिटवून पुढच्या महिन्याचा विकावा. फॉरवर्डचेही तसेच. त्याच्यामागे आयातीचे खरे देणे असावे लागते आणि ठरल्या दिवशी तो वापरला नाही, तर रद्द करण्याचा फरक पेढीच्या माथी येतो.

तिसरी अडचण आयातशुल्काची. ती सोने आणि डॉलर या दोन्ही वह्यांबाहेरची आहे. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरील शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले आणि एमसीएक्सचा भाव एका दिवसात दहा ग्रॅममागे सुमारे चार हजार रुपयांनी कोसळला. जागतिक भाव किंवा डॉलर यांचा त्यात हात नव्हता. जुन्या शुल्काने आलेला ३,१०० ग्रॅम माल ज्याच्या कपाटात होता, त्याची किंमत बारा लाखांहून अधिक उतरली. ज्याने एमसीएक्सवर वायदा विकलेला होता, त्याला ती तेथून भरून मिळाली, कारण तेथील भावात शुल्क धरलेले असते. ज्याने डॉलरमध्ये सौदा केला होता, त्याला काहीच मिळाले नाही. देशात रुपयांत विक्री करणाऱ्या पेढीने पहिली वाट धरावी, याचे हे दुसरे सबळ कारण आहे.

घडणावळीतील चढाओढ, मंदीत द्यावी लागणारी सूट, न खपणारे नमुने यांच्यावर मात्र कोणत्याही सौद्याचे औषध चालत नाही. सोने चढले असता मिळू शकणारा नफाही संरक्षण घेणाऱ्याला सोडावा लागतो. त्याने घडणावळ आणि व्यापारी नफा यांवरच उपजीविका करायची असते.

संध्याकाळची परीक्षा

आपले संरक्षण योग्य आहे की नाही, हे पेढी बंद करण्यापूर्वी दोन प्रश्नांनी तपासता येते. उद्या डॉलर एक रुपयाने चढला, तर पेढीचे काय होईल? उद्या सोने औंसामागे दहा डॉलरने उतरले, तर काय होईल? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर चार ओळींत मांडावे : माल, सोन्याचा सौदा, देणे, फॉरवर्ड.

पहिल्या वाटेवरील पेढीची मांडणी अशी होईल. डॉलर एक रुपयाने चढला, तर माल अडीच लाखांनी वर, वायदा अडीच लाखांनी खाली. देणे २ लाख ६० हजारांनी वाढले, फॉरवर्डने तितकेच दिले. बेरीज शून्य. सोने दहा डॉलरने उतरले, तर माल ८४ हजारांनी खाली, वायदा जवळपास तितकाच वर. देणे आणि फॉरवर्ड जागच्या जागी. पुन्हा शून्य.

डॉलरमध्ये सोने विकून पूर्ण फॉरवर्ड घेणाऱ्या व्यापाऱ्याने हीच मांडणी केली असती, तर सोन्याच्या प्रश्नाचे उत्तर शून्य आले असते. डॉलरच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अडीच लाख आले असते. तो आकडा नफ्याच्या बाजूला दिसतो म्हणून मन सुखावते, पण डॉलर एक रुपयाने उतरला की तोच आकडा तोट्याच्या बाजूला जातो. दोन्ही प्रश्नांच्या उत्तरांत शून्याच्या जवळचा आकडा दिसत नसेल, तर त्याच संध्याकाळी वह्या पुन्हा उघडाव्यात आणि चार ओळींपैकी कोणती ओळ जास्तीची आहे, ते शोधावे.